x²y चं मॅक्सिमम, फोटोतला प्रश्न चौथा

फोटो बघितला, अर्ध्या पानावर मोबाइलची सावली आहे पण प्रश्न लागतोय. वर्ग x वर आहे का y वर हे आधी नीट कळेना, मग खाली तू f_x = 2xy लिहिलंयस त्यावरून नक्की झालं. म्हणजे गणित असं आहे:

```
f(x,y) = x²y
अट: x² + 2y² = 6
```

f ची मॅक्सिमम व्हॅल्यू काढायची, लॅग्रांजच्या मल्टिप्लायरने. अट म्हणजे एलिप्स आहे, बंद वळण, कुठे अनंताला जात नाही आणि f कंटिन्युअस आहे, त्यामुळे मॅक्सिमम आणि मिनिमम दोन्ही असणारच, ही एक ओळ पेपरात लिहून टाक, शेवटी नुसत्या व्हॅल्यू कंपेअर करून आपण मोकळे होतो ते हिच्याच जोरावर.

g = x² + 2y² धर. ∇f = λ∇g केलं की

```
2xy = 2λx    ...(1)
x²  = 4λy    ...(2)
x² + 2y² = 6 ...(3)
```

आता तुझी तिसरी ओळ बघ. (1) मधून तू दोन्हीकडचा x उडवलास आणि थेट y = λ लिहिलंस. उत्तर त्याने चुकत नाहीये पण x शून्य असेल तर भागताच येत नाही ना, आणि इथे x शून्य खरंच होऊ शकतो, म्हणून तुझे दोन पॉइंट गायब झालेत आणि मागच्या उत्तरात सहा कसे हा तुझा प्रश्न तिथेच सुटतो. भागू नको, सगळं एका बाजूला आण: 2x(y − λ) = 0. म्हणजे x = 0 नाहीतर λ = y.

x = 0 घेतलं तर (3) मधून y² = 3, y = ±√3. (2) मध्ये टाकलं की 0 = 4λy, y तर शून्य नाही, म्हणून λ = 0. चालतं, λ शून्य आला म्हणून पॉइंट बाद होत नाही.

λ = y घेतलं तर (2) होतं x² = 4y², ते (3) मध्ये टाक, 6y² = 6, y = ±1 आणि x = ±2. इथे चिन्हं एकमेकांना बांधलेली नाहीत बरं का, y = 1 ला x दोन्ही, y = −1 ला पण x दोन्ही, असे चार पॉइंट.

∇g = (2x, 4y) शून्य फक्त (0,0) ला होतो आणि तो एलिप्सवर नाही, त्यामुळे तिथून काही सुटत नाही. आता व्हॅल्यू:

```
(±2, 1)   → f = 4·1  = 4
(±2, −1)  → f = 4·(−1) = −4
(0, ±√3)  → f = 0
```

मॅक्सिमम 4, (2,1) आणि (−2,1) या दोन्ही ठिकाणी. मिनिमम −4. उत्तरात दोन्ही पॉइंट लिही, एकच लिहिला की मार्क कापतात.

शून्यवाल्या दोन पॉइंटची पण गंमत आहे. (0, √3) च्या आसपास एलिप्सवर y पॉझिटिव्ह आणि x² कधी निगेटिव्ह नाही, म्हणजे f तिथे शून्याच्या खाली जातच नाही, तो लोकल मिनिमम. (0, −√3) ला उलटं, लोकल मॅक्सिमम! व्हॅल्यू शून्य, तरी लोकल मॅक्सिमम. म्हणून नुसतं 'मॅक्सिमम आहे' असं ठरवून थांबायचं नाही, सगळ्या व्हॅल्यू एका खाली एक मांडायच्याच.

पडताळा हवा असेल तर x² = 6 − 2y² टाकून f = 6y − 2y³ कर, डेरिव्हेटिव्ह 6 − 6y², परत y = ±1. पण या रस्त्याने √3 वाले पॉइंट डेरिव्हेटिव्हमधून येतच नाहीत, कारण x² ≥ 0 असल्याने y फक्त −√3 ते √3 फिरतो आणि ते त्याची टोकं आहेत, ती वेगळी तपासावी लागतात.

आणि तू समासात विचारलंयस की λ चं काय करायचं. या गणितात काही नाही, पण मॅक्सिममला λ = 1 आहे त्याचा अर्थ छान आहे: अटीतला 6 थोडा वाढवला तर मॅक्सिमम साधारण तेवढ्यानेच वाढतो. 6 चा 6.1 करून बघ, मॅक्सिमम 4(6.1/6)^(3/2) येतो, कॅल्क्युलेटरवर 4.1004 दिसेल.

पाचवा प्रश्न पण याच साच्यातला आहे, फक्त तिथे अट ≤ आहे, म्हणजे आतले क्रिटिकल पॉइंट आधी ∇f = 0 ने काढ आणि मग कडेला हेच सगळं. त्याचा फोटो मात्र उजेडात काढून पाठव.