प्रेस क्रमांक ४ वरील होज फुटल्याची घटना : चौकशी अहवालाचा सारांश

कारण

मंगळवारी दुसऱ्या पाळीत सायंकाळी ६.४० वाजता प्रेस क्रमांक ४ च्या मुख्य सिलिंडरकडे जाणारा हायड्रॉलिक होज फुटला आणि सांडलेल्या तेलावरून शेजारच्या मशीनचा ऑपरेटर घसरून पडला. चार महिन्यांपूर्वी पंपाच्या दुरुस्तीसाठी काढलेला होजचा क्लॅम्प पुन्हा बसवलाच गेला नव्हता. त्यामुळे दाब चढताना होज दर वेळी हलून फ्रेमच्या कडेला घासत राहिला, बाहेरचे रबर झिजले आणि आतली तारेची जाळी उघडी पडून गंजली.

आदल्या आठवड्यात पाळीच्या लॉगबुकात ‘तेल ठिबकते, खाली ट्रे ठेवला’ अशी नोंद दोनदा झाली होती, आणि घटनेनंतरच्या छायाचित्रात तो ट्रे काठोकाठ भरलेला दिसतो. गळती दिसली होती, लिहिलीही गेली होती. परंतु लॉगबुकातील नोंद मेंटेनन्स विभागाकडे पोहोचवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, आणि माझ्या मते हेच मूळ कारण आहे. प्राथमिक नोंदीतील ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हा शेरा वगळला आहे, कारण संबंधित ऑपरेटर सुरक्षा बूट घालून आखलेल्या मार्गावरूनच चालत होता.

परिणाम

ऑपरेटरच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले असून डॉक्टरांनी सहा आठवड्यांची विश्रांती सांगितली आहे. प्रेस ९ तास बंद राहिला. सुमारे ४० लिटर तेल सांडले, मात्र ते गटारात गेले नाही आणि आगही लागली नाही.

सुधारणात्मक कारवाई आणि जबाबदारी

प्रेस क्रमांक ४ चा होज व क्लॅम्प त्याच रात्री बदलण्यात आले. उर्वरित सर्व प्रेसवरील होज, क्लॅम्प आणि घासण्याच्या जागा मेंटेनन्स प्रमुखांनी सात दिवसांत तपासून घ्यायच्या आहेत. ही तपासणी मशीन बंद करून, वीजपुरवठा कुलूपबंद करून आणि यंत्रणेतील दाब पूर्ण उतरवूनच करावी. गळती शोधण्यासाठी होजवरून हात फिरवू नये. बारीक छिद्रातून दाबाने येणारे तेल त्वचेत घुसू शकते आणि वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसणारी ती जखम तातडीच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते.

तेलगळतीची कोणतीही नोंद त्याच पाळीत कामाच्या आदेशात बदलण्याची जबाबदारी यापुढे पाळी सुपरवायझरची राहील आणि दुरुस्तीनंतर काढलेला प्रत्येक भाग परत बसल्याची सही झाल्याशिवाय उत्पादन विभागाने मशीन ताब्यात घेऊ नये. त्यासाठीची सुधारित चेकशीट सुरक्षा अधिकारी शुक्रवारपर्यंत देतील आणि तीस दिवसांनी लॉगबुक व कामाचे आदेश शेजारी ठेवून पडताळणी करतील. जखमी ऑपरेटरचे उपचार, रजा आणि कामावर परतल्यानंतरचे हलके काम यांचा पाठपुरावा मनुष्यबळ अधिकाऱ्यांकडे असून त्यांनी दर सोमवारी ऑपरेटरशी स्वतः बोलावे.