बुधवारी दुपारी लवकर सोडण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा,
खानापूर, जि. बेळगाव

विषय : श्रावणी परशराम पाटील, इयत्ता सातवी 'ब', हिला बुधवार, १२ नोव्हेंबर रोजी दुपारी पावणेदोनला सोडण्याबाबत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

श्रावणीच्या खालच्या उजव्या दाढेत कीड मुळापर्यंत गेली आहे. ही दाढ दुधाची नाही, कायमची आहे, त्यामुळे काढून टाकण्यापेक्षा रूट कॅनॉल करून वाचवावी असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. मागच्या आठवड्यात नस काढून आत औषध भरले आणि वर तात्पुरते सिमेंट बसवले. हे सिमेंट फार दिवस टिकत नाही, निघाले तर आत पुन्हा जंतू जातात. म्हणून पुढची बैठक लांबवू नका असे त्यांनी बजावले आहे.

शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून आम्ही आधी शनिवारच मागितला होता. पण रूट कॅनॉल करणारे डॉक्टर बेळगावच्या त्या दवाखान्यात बुधवारीच बसतात. वेळ साडेतीनची मिळाली आहे. खानापुराहून बसने बेळगावचे मध्यवर्ती बसस्थानक आणि तिथून सिटी बसने नेहरूनगर, एवढे अंतर आहे. बस भरून आली की पुढचीची वाट बघावी लागते, हे आपल्याला सांगायला नको.

मध्यान्ह भोजन मात्र तिला शाळेतच करू द्यावे. भूल दिल्यावर दोन-तीन तास तोंड बधिर राहते. त्यात जेवायला बसली तर गाल चावला जातो, म्हणून पोटभर खाऊन या असे डॉक्टरांनी सांगितले आहे. जेवण झाल्यावर तिचे आजोबा न्यायला येतील. ते आधार कार्ड आणि दवाखान्याची चिठ्ठी घेऊन येतील, ऑफिसमधल्या वहीत सहीही करतील. दुसऱ्या कोणाबरोबर किंवा एकटीला कृपया सोडू नये. तिचे वडील कामानिमित्त गोव्यात असतात, त्यामुळे काही विचारायचे झाल्यास मलाच फोन करावा. माझा नंबर वर्गशिक्षिकांकडे आहे.

बुधवारी शेवटचे दोन तास कन्नड आणि खेळाचे असतात. खेळाचा तास बुडाल्याचे दुःख तिला जास्त, मला कन्नडची काळजी आहे, कारण त्या तासाला पद्य पाठांतराची तोंडी परीक्षा असल्याचे ती म्हणते. पाठांतर झालेले आहे, घरी रोज ऐकतो आहोत. सरांना चालत असेल तर तिची परीक्षा मंगळवारी किंवा गुरुवारी घ्यावी. बालदिनाच्या नाचाची तालीम त्या दिवशी असल्यास तीही चुकेल, तेवढे बाईंना कळवावे.

गुरुवारी ती वेळेवर शाळेत येईल. त्या बाजूने चावायचे नाही एवढेच पथ्य आहे, ते तिला माहीत आहे. परवानगी द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
सौ. सुजाता परशराम पाटील
(श्रावणीची आई)

सोबत : दवाखान्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स