पान दुमडून : या आठवड्याचं पुस्तक ‘बनगरवाडी’

(सुरावट, दहा सेकंद. हळूहळू खाली. मागे चहाचा कप ठेवल्याचा आवाज राहिला तर राहू दे.)

मुग्धा : नमस्कार मंडळी! ‘पान दुमडून’मध्ये स्वागत. मी मुग्धा.

समीर : आणि मी समीर. दर शनिवारी एक पुस्तक, दोन माणसं आणि एक गार झालेला चहा.

मुग्धा : चहा तुझा गार होतो. मी बोलता बोलता पिते.

समीर : बोलतेस कमी म्हणून.

मुग्धा : बरं. पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी सांगते, आम्ही समीक्षक वगैरे नाही. मी बँकेत आहे, हा शाळेत गणित शिकवतो. आठवडाभर एकच पुस्तक वाचायचं आणि शनिवारी त्यावर मनसोक्त भांडायचं, एवढाच आमचा उद्योग.

समीर : आधी एक चूक कबूल करू या. मागच्या वेळी ‘स्मृतिचित्रे’वर बोलताना मी ठोकून दिलं की रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९६ साली झाला. तो झाला फेब्रुवारी १८९५मध्ये. नाशिकच्या एका आजींनी आवाजी निरोप पाठवून माझे कान उपटले.

मुग्धा : आणि वर म्हणाल्या, “गणिताच्या मास्तरांनी तरी आकडे नीट सांगावेत!”

समीर : आजी, कान अजून लाल आहेत. तर, मास्तरांचा विषय निघालाच आहे...

मुग्धा : हे तू मुद्दाम केलंस.

समीर : मुद्दामच. कारण आजचं पुस्तक एका मास्तराचंच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. पहिली आवृत्ती १९५५ची. लेखक तेव्हा जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. आणि आपल्यासारख्या माइकपुढे बडबडणाऱ्यांनी त्यांना खास नमस्कार करायला हवा, कारण पुढे पुणे आकाशवाणीवर त्यांनी वर्षानुवर्षं ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांचं काम केलं.

मुग्धा : कानाला कळणारं लिहायचे ते. मोठ्यानं वाचून बघा, वाक्य कुठे अडत नाही.

(छोटा विराम.)

समीर : गोष्ट थोडक्यात सांगतो. औंध संस्थानातलं धनगरांचं एक छोटंसं गाव. राजाराम नावाचा कोवळा पोरगा तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून येतो. शाळा नावालाच आहे. पोरं मेंढरांमागे. एक म्हातारा कारभारी आहे, गाव त्याच्या शब्दावर चालतं. आणि या पोरसवद्या मास्तराला तिथे उभं राहायचंय.

मुग्धा : आता माझं ऐक. मला ही कादंबरी आधी आवडत नव्हती. म्हणजे वाचलीच नव्हती, पण आवडत नव्हती.

समीर : हे कसं काय?

मुग्धा : शाळेच्या मराठीच्या तासांनी ‘ग्रामीण साहित्य’ या शब्दाची अशी धास्ती बसवली होती ना! भाबडी माणसं, चुलीवरची भाकरी, आणि खाली प्रश्न : लेखकाने खेड्याचे वर्णन कसे केले आहे ते तुमच्या शब्दांत लिहा. तेच असणार म्हणून मी तिला वीस वर्षं टाळलं. या आठवड्यात उघडली तर भाबडं कुणीच नाही! कारभारी मायाळू आहे आणि संशयीही. आपल्या पोरीचं, अंजीचं, नाव मास्तरासोबत येतंय म्हटल्यावर तो काय वागतो ते बघ.

समीर : आणि ती शेकूची बायको.

मुग्धा : हो! मी तिथे पुस्तक मिटून बसले. पेरणी तोंडावर आलीये, घरात एकच बैल. मग ती बाई स्वतः त्या बैलाच्या जोडीला जुवाखाली मान देते. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर तिथे दोन पानं हळहळ घातली असती. माडगूळकर सांगतात आणि पुढे जातात. मला तर रागच आला त्यांचा. अरे, थांबा की जरा!

समीर : चित्र काढणारा माणूस आहे तो. रेघ मारली की हात उचलतो. आजचं आपलं भांडण इथंच आहे, मंडळी. हिचं म्हणणं, लेखक फार अलिप्त आहे. माझं म्हणणं, तो अलिप्त नाही, तो मास्तराच्या जागेवर बसलाय. बाहेरून आलेल्या माणसाला गावात पहिली काही वर्षं फक्त बघायचीच मुभा असते.

मुग्धा : हे तू स्वतःच्या अनुभवावरून बोलतोयस.

समीर : बोलतोयच. पहिली नोकरी मी एका आडगावात केली. पहिला महिनाभर पोरांपेक्षा त्यांचे बापच जास्त प्रश्न विचारायचे. राजाराम लोकांची पत्रं लिहितो, भांडणं सोडवतो, त्यांच्यासाठी बाजारातून वस्तू आणतो. धड्यांपेक्षा हेच जास्त. ते वाचताना मला माझीच दैनंदिनी सापडल्यासारखं वाटलं. गाव तुम्हाला मास्तर मानायच्या आधी पोस्टमन, वकील आणि डॉक्टर करून बघतं.

मुग्धा : आणि तालमीचा प्रसंग विसरू नकोस. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात आनंदाचं प्रकरण.

समीर : गाव मिळून तालीम बांधतं आणि उद्घाटनाला खुद्द औंधचे राजेसाहेब येतात. सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते पंतप्रतिनिधी होते ना ते, त्यामुळे तालीम म्हटल्यावर राजा येणारच. हे नुसतं कल्पनेतलं नाही, त्या संस्थानाची हवाच तशी होती.

मुग्धा : माझा मामा आटपाडीला असतो. माडगूळकरांचं माडगुळं त्याच तालुक्यात. त्याला फोन करून म्हटलं, मामा, ‘बनगरवाडी’ वाचतेय. तो म्हणाला, “आता ये की बघायला. टेंभूचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा हायेत.” मग जरा थांबून म्हणाला, “पण दुष्काळाचं त्यानं लिव्हलंय ते खोटं नाय. आमच्या आईनं बघितलंय.”

(विराम. इथे घाई नको.)

समीर : त्या दुष्काळाबद्दल आपण बोलणार आहोत, पण शेवटी. अजून न वाचलेल्यांसाठी एक सोय केलीये. पुस्तक सत्तरीतलं असलं तरी शेवट फोडायचा नाही, असं हिचं फर्मान आहे. म्हणून शेवटच्या भागाआधी शाळेची घंटा वाजेल.

(घंटा, एक टोल.)

मुग्धा : अशी! ती ऐकू आली की न वाचलेल्यांनी खुशाल बंद करायचं, पुस्तक वाचायचं आणि परत यायचं. छोटंसं आहे, एका रविवारचं काम. फक्त चित्रपट बघून भागवू नका. अमोल पालेकरांचा १९९५चा चित्रपट मलाही आवडतो, पण आज आपण पुस्तकाचं बोलतोय.

समीर : तुमची मतं नेहमीसारखी आवाजी निरोपातून पाठवा. दोन मिनिटांच्या आत. मागच्या आठवड्यात एका काकांनी अकरा मिनिटं पाठवली होती.

मुग्धा : मी ती पूर्ण ऐकली हं काका. कुकरच्या तीन शिट्ट्यांसकट.

समीर : चला तर. पहिला प्रश्न तुला. राजाराम पहाटेच्या अंधारात चालत गावात येतो. त्याच्या जागी तू असतीस, तर दुसऱ्या दिवशी परत फिरली असतीस का?

मुग्धा : दुसऱ्या दिवशी? अरे, मी त्याच दुपारची एसटी शोधली असती! पण थांब, तो का थांबला याचं मला एक कारण सापडलंय. पहिलंच प्रकरण काढ...

(सुरावट पुन्हा वर, पाच सेकंद. मग चर्चा.)