शब्दसाखळी : कटवडा घ्या, पुढं चला

आधीच्या शब्दाची शेवटची दोन अक्षरं, काना-वेलांटीसकट, पुढच्याची पहिली दोन. सुरुवात 'कटवडा'. वेळ 10 मिनिटं. कंसात अक्षरसंख्या.

1. कोल्हापुरात मिसळीपुढं हा म्हणजे धाकटा भाऊच (4)
2. शेराचा चौथा हिस्सा (4)
3. आता पुरता शेर! (4)
4. अंबाबाईला नेसवतात तशी साडी (4)
5. तिच्या काठापदरावरची कलाकुसर (4). इथं 'जरीपटका' लिहिणारे बरेच निघतील. शब्द झकास, पण अक्षरं मोजा की.
6. गिरणीतला, साखर कारखान्यातला (4)
7. मे महिन्यात रंकाळ्यावर संध्याकाळी शोधतो तो (3)
8. गुऱ्हाळावरच्या चांगल्या गुळाची ढेप फोडली, बोटांत चुरली की कणीकणी लागते. तसा (3)
9. गच्चीवर जुनी साडी अंथरून आई घालते. कावळे हाकलायला आपण (4)
10. उन्हाळ्यात डोंगरावर पेटतो (3)

साखळी इथंच संपते, कारण पुढचा शब्द 'ण'नं सुरू करावा लागेल. सापडला तर कटवडा आमच्याकडून!

उत्तरं : वडापाव, पावशेर, शेरभर, भरजरी, जरीकाम, कामगार, गारवा, रवाळ, वाळवण, वणवा.