शनिवारची जोडतासिका : उपक्रमांसाठी मुख्याध्यापकांना प्रस्ताव

दिनांक : 18 जून 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
माध्यमिक विद्यालय, ता. अमळनेर, जि. जळगाव

विषय : पाचवी ते आठवीसाठी दर शनिवारी 70 मिनिटांची उपक्रम तासिका सुरू करण्यास मंजुरी व रु. 3,600 खर्चाची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

शासनाचा 'आनंददायी शनिवार' उपक्रम पहिली ते आठवीसाठी 2024 मध्ये आला. आपल्या वेळापत्रकात कार्यानुभव आणि कलेच्या तासिकाही आधीपासून आहेत. तरीही मुलांच्या हाताला काम मिळत नाही, आणि त्याचे कारण मला साधे वाटते. 35 मिनिटांच्या सुट्या तासिकेत साहित्य काढून वाटायला 8 ते 10 मिनिटे जातात आणि आवरायला तेवढीच. उरलेल्या 15 मिनिटांत माती नुसती भिजते, तिचे काही घडत नाही. मग साहजिकच वही काढून लिहून घेणे सोपे पडते. म्हणून माझी मुख्य विनंती एकच आहे : दोन तासिका सलग द्याव्यात. जादा वेळ नको, आहे तोच जोडून हवा.

शनिवारच्या सकाळच्या सत्रात लहान सुट्टीनंतरच्या चौथ्या व पाचव्या तासिका (9.45 ते 10.55) यासाठी सोयीच्या आहेत. पाचवी-सहावीला तिथे आताही कार्यानुभव आणि कलाच आहे, त्यामुळे त्यांच्या वेळापत्रकाला हात लागत नाही. बदल फक्त दोन. सातवीची शनिवारची पाचवी तासिका गणिताची आहे, ती मंगळवारच्या तिसऱ्या तासिकेला (आता कला) न्यावी. आठवीची शनिवारची चौथी तासिका हिंदीची आहे, ती गुरुवारच्या चौथ्या तासिकेला (आता कार्यानुभव) न्यावी. कोणत्याही विषयाची तासिका कमी होत नाही, आणि गणिताला तर दमलेल्या मुलांऐवजी ताजी मुले मिळतात. दोन्ही विषयशिक्षकांशी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. नववी-दहावीच्या तासिका आहेत तशाच राहतील. चार गटांना चार शिक्षक लागतात, ते त्या वेळी मोकळे आहेत.

70 मिनिटांची विभागणी अशी :

9.45 ते 9.55 : जागेवर बसणे, साहित्य वाटप, आज काय करायचे ते सांगणे
9.55 ते 10.40 : प्रत्यक्ष काम
10.40 ते 10.50 : आवरणे, साहित्य मोजून पेटीत ठेवणे, हात धुणे
10.50 ते 10.55 : हजेरी व नोंद

10.40 ला काम थांबवायचेच. बाहेरगावची मुले 11.05 च्या एसटीने जातात. ती गाडी चुकली तर दुसऱ्याच आठवड्यात पालकांची तक्रार येईल, आणि ती रास्त असेल.

पट 165 आहे (पाचवी 38, सहावी 41, सातवी 44, आठवी 42). प्रत्येक वर्ग एका उपक्रमावर सलग दोन शनिवार राहील आणि मग पुढे सरकेल. एकेका शनिवारी बदलले तर पहिल्या वेळी शिकलेले दुसऱ्यांदा करून बघायला मिळत नाही. 5 जुलै ते 27 सप्टेंबर या काळात 13 शनिवार येतात. त्यांतून 9 ऑगस्ट (राखी पौर्णिमा), 16 ऑगस्ट (गोपाळकाला) आणि 6 सप्टेंबर (अनंत चतुर्दशी) सोडले की 10 हाती राहतात.

| शनिवार | पाचवी | सहावी | सातवी | आठवी |
|---|---|---|---|---|
| 5, 12 जुलै | माती-कागद | बोली | विज्ञान | परसबाग |
| 19, 26 जुलै | बोली | विज्ञान | परसबाग | माती-कागद |
| 2 ऑगस्ट | चारही वर्ग एकत्र : मैदानी खेळ व गोष्टी ||||
| 23, 30 ऑगस्ट | विज्ञान | परसबाग | माती-कागद | बोली |
| 13, 20 सप्टेंबर | परसबाग | माती-कागद | बोली | विज्ञान |
| 27 सप्टेंबर | चारही वर्ग एकत्र : कामाचे प्रदर्शन, पालकांना बोलावणे ||||

2 ऑगस्ट मुद्दाम मोकळा ठेवला आहे. 3 तारखेला कानबाईचे रोट आहेत, निम्मी मुले आदल्या दिवशीच मूळ गावी गेलेली असतात. त्या दिवशी नवीन काही सुरू केले तर पुढच्या शनिवारी ते पुन्हा सांगावे लागते.

आता एकेका उपक्रमाविषयी.

विज्ञान (प्रयोगशाळा, खाली सतरंजीवर). पहिला शनिवार विजेच्या परिपथाचा. चार मुलांचा एक गट, त्याला 1.5 व्होल्टचे दोन सेल, 2.5 व्होल्टचा टॉर्चचा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे. बल्ब लागत नाही त्याची कारणे बहुधा दोनच असतात. एक म्हणजे वायरच्या टोकाचे आवरण नीट सोललेले नसते किंवा तांब्यावर काळपट थर असतो; पॉलिश पेपरने दोनदा घासले की तो जातो. दुसरे म्हणजे सेलच्या टोकाला चिकटपट्टीने लावलेली वायर हलते. त्यावर उपाय सायकलच्या जुन्या ट्यूबचा : ट्यूब आडवी कापून बोटभर रुंदीचे रबर करायचे आणि ते दोन्ही सेलना लांबीच्या दिशेने घट्ट चढवायचे. वायर रबराखाली दाबून बसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ट्यूब सायकल दुकानात फुकट मिळते. एक सावधगिरी : मुले गंमत म्हणून सेलची दोन्ही टोके एकाच वायरने जोडतात, सेल तापतो आणि लवकरच निकामी होतो. म्हणून जोडणी तपासून झाल्यावरच गटाला सेल द्यायचे, आधी नाही.

दुसरा शनिवार गवंड्याच्या पाण्याच्या नळीचा. पाच मीटर पारदर्शक नळीत पाणी भरून मैदानावरच्या जवळच्या दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायचा. नळीत एक जरी बुडबुडा अडकला तरी पातळी चुकते. नळी वर धरून बोटाने टिचक्या मारून तो काढावा लागतो. घराचे बांधकाम पाहिलेल्या मुलांना हे लगेच कळते, आणि पाठ्यपुस्तकातली 'द्रव आपली पातळी राखतो' ही ओळ त्यांना जागेवर दिसते.

परसबाग (विहिरीजवळची मोकळी जागा). आपली जमीन काळी आहे, पाऊस लागला की पाणी धरते. सपाट वाफ्यात मेथी सडते. म्हणून वीतभर उंचीचे, 3 मीटर लांब व 1 मीटर रुंद असे चार गादीवाफे करायचे. काम आठवी सुरू करते : 5 जुलैला वाफे, 12 ला पेरणी. मेथीला एका वाफ्यास 12 ते 15 ग्रॅम बी पुरते. बी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल गेले आणि वर जोराचा पाऊस झाला तर काळ्या मातीची खपली धरते व कोंब वर येत नाही. वरून चाळलेले शेणखत पसरले की खपली धरत नाही. सातवी विरळणी आणि निंदणी करील. भाजी महिन्याभरात काढणीला येते, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. ती पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात द्यावी. सहावी 23 ऑगस्टला पुन्हा पेरील, पाचवी काढणी करील. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालणे भागच आहे, ते पालकांकडून मिळेल. फार पाऊस असेल त्या शनिवारी वर्गातच ओल्या फडक्यात दहा-दहा दाणे बांधून उगवणशक्ती पाहायची. दहापैकी आठ उगवले तर बी चांगले.

माती-कागद (उत्तरेचा व्हरांडा, दहावीच्या वर्गापासून लांब). शेतातली काळी माती या कामाला नको, वाळताना ती आकसते आणि बैलाचे पाय तुटतात. कुंभाराकडची चाळलेली, मळलेली माती घ्यावी. एका मुलाला पाव किलो पुरते. अर्धवट राहिलेले गोळे पुन्हा भिजवता येतात, त्यामुळे दोन गोण्यांत चारही वर्ग होतात. 23 ऑगस्टला मातीला सातवी बसते आणि 27 ला गणपती आहेत, तेव्हा त्या दिवशी टीचभर उंचीची मूर्तीच घ्यावी. दुसऱ्या शनिवारी खाकी कागदाच्या पिशव्या. चिकटवायला मैद्याची खळ. ती त्याच सकाळी करावी, सोमवारपर्यंत ठेवली तर आंबते.

बोली (वाचनालय). आपली बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात आणि शाळेच्या दारात ती बाहेर ठेवून येतात. शुक्रवारी सांगायचे : घरातल्या धल्ला-धल्लीकडून शेतीचे, स्वयंपाकाचे किंवा नात्यांचे पाच शब्द घेऊन या. शनिवारी प्रत्येक शब्दाचे एक कार्ड : शब्द, प्रमाण मराठीतला अर्थ, अहिराणीतले एक वाक्य, आणि कोणी सांगितला. आंडोर, आंडेर, बठ्ठा असे शब्द पहिल्याच दिवशी येतील. खरी भर पडेल ती कपाशी आणि जनावरांच्या शब्दांनी. दोन गावांत उच्चार वेगळा असेल तर दोन्ही लिहायचे, चूक कुणाची ठरवायची नाही. दुसऱ्या शनिवारी त्याच कार्डांवरून भित्तिपत्रक. साने गुरुजींनी अमळनेरच्याच छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले. त्या तालुक्यातल्या शाळेला दोन आठवड्यांतून एक भित्तिपत्रक जड जाऊ नये.

खर्च, अमळनेरच्या बाजारभावाने :

| बाब | तपशील | रु. |
|---|---|---|
| विज्ञान | सेल 24 (288), बल्ब 15 (120), वायर 10 मी. (100), पॉलिश पेपर 2 (30), नळी 5 मी. (100) | 638 |
| परसबाग | मेथी, पालक, मुळा, गवार बियाणे (160), झारी 2 (360), खुरपी 4 (240) | 760 |
| माती-कागद | माती 2 गोण्या (300), खाकी कागद 40 (200), मैदा 1 किलो (40), ब्रश 12 (180) | 720 |
| बोली | कार्ड 200 (200), स्केचपेन 6 संच (180), कार्डशीट 20 (160) | 540 |
| सामाईक | प्लास्टिक क्रेट 4 (480), प्रथमोपचार (150), नोंदवही (60) | 690 |
| किरकोळ | | 252 |
| एकूण | | 3,600 |

म्हणजे मुलामागे सुमारे 22 रुपये. यातले झारी, खुरपी, नळी, ब्रश आणि क्रेट मिळून रु. 1,360 चे साहित्य पुढच्या वर्षीही चालेल. रु. 2,000 सादिल खर्चातून आणि रु. 1,600 पालक-शिक्षक संघाकडून मिळावेत अशी सूचना आहे. मुलांकडून वर्गणी घेऊ नये. दहा रुपये आणता आले नाहीत म्हणून शनिवारी घरी राहणारी मुले आपल्याकडे आहेत. पहिल्या हप्त्यात रु. 2,400 मिळाले तर जूनअखेर खरेदी होईल, उरलेले ऑगस्टमध्ये. प्रत्येक पावती नोंदवहीत चिकटवून दरमहा आपल्याकडे सादर करीन.

क्रेट हा खर्चातला सर्वांत गरजेचा भाग आहे. साहित्य कपाटात एकत्र पडले की महिन्याभरात खुरप्या दोन आणि बल्ब सहा उरतात. प्रत्येक क्रेटच्या झाकणावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवलेली असेल, आणि प्रत्येक वर्गाचे दोन साहित्यप्रमुख आवरताना मोजून सही करतील.

गुण द्यायचे नाहीत. मात्र कार्यानुभव व कला यांच्या आकारिक मूल्यमापनासाठी आपण सत्राच्या शेवटी घाईने नोंदी करतो, त्या आता दर शनिवारी प्रत्यक्ष कामावरून होतील.

आपल्याकडून तीन गोष्टींची मंजुरी हवी आहे : 5 जुलैपासून वर सांगितलेले दोन तासिका-बदल, रु. 2,400 चा पहिला हप्ता, आणि शनिवारी 9.45 ते 10.55 या वेळेत शिक्षकसभा किंवा जादा तास न ठेवण्याची सूचना. तिसरी गोष्ट पैशांपेक्षाही महत्त्वाची आहे. सभा 11 नंतर घेतली तर आम्ही सर्व जण थांबायला तयार आहोत.

30 जूनपूर्वी निर्णय कळल्यास वाफ्यांची नांगरट आणि मातीची मागणी वेळेत होईल.

आपला विश्वासू,
उपशिक्षक (विज्ञान) व वर्गशिक्षक, इयत्ता सातवी

प्रत : पर्यवेक्षक, पालक-शिक्षक संघाचे सचिव