कांद्याच्या दोन मेसेजचे लेखी भावपत्र

काका, तुमचा सकाळचा मेसेज असा होता: "शेठ, चाळीतला कांदा आहे, एकदम कडक, 22 ला देतो. थोडा गोल्टा निघेल. गाडी भरायची तर लवकर सांगा, पैशाचं बघू."

घाऊक खरेदीदाराला खालचे पाठवा:

उन्हाळ कांदा, 300 गोण्या

माल: चाळीत साठवलेला, वाळलेल्या पत्तीचा. आकार 55 मिमी व त्यावर. 45 ते 55 मिमीचा गोल्टा वजनाने जास्तीत जास्त 10 टक्के. मोड, सड, काजळी व जोड कांदा मिळून 3 टक्क्यांपर्यंत.

वजन: जाळी गोणी, गोणीचे वजन सोडून 50 किलो. एकूण 150 क्विंटल.

भाव: 2,200 रुपये क्विंटल, आमच्या गोदामात गाडीत भरून. गोणी, तोलाई, हमाली यातच. गाडीभाडे खरेदीदाराचे. एकूण 3,30,000 रुपये.

पैसे: होकारासोबत 82,500 रुपये आगाऊ, बाकी 2,47,500 रुपये माल पोचल्यावर 3 दिवसांत.

मुदत: 12 ऑगस्ट, संध्याकाळी 5. भरणी 13 ऑगस्टला सकाळी.

तक्रार: गाडी पोचल्यापासून 6 तासांत. दोघांच्या माणसांसमोर गाडीच्या वेगवेगळ्या थरांतल्या 10 गोण्या फोडून खराब माल वेगळा तोलायचा. 3 टक्क्यांवर जेवढा भरेल, त्या प्रमाणात पूर्ण गाडीची रक्कम कमी होईल. वाटेतली 1 टक्क्यापर्यंतची सुकवण खरेदीदाराची.

वाहतूक: ताडपत्री पाऊस असेल तरच, बाजू मोकळ्या. माल कोंडला की घाम धरतो आणि सड वाढते.

"कडक" हा शब्द मुद्दाम काढला. पत्ती कोरडी आणि चकचकीत असूनही तिच्याखाली काजळी असते, आणि भांडण नेमके तिथे होते. म्हणून पाठवण्याआधी आपल्याच 10 गोण्या फोडून बघा: 500 किलोत खराब 15 किलोपर्यंत असेल तरच 3 टक्के लिहा. 20 किलो निघाला तर 4 लिहा आणि भाव त्याप्रमाणे ठेवा. "22" नुसते लिहिले की घेणारा पोच भाव धरतो, तुम्ही गोदामाचा धरता. फरक थेट गाडीभाड्याएवढा.

दुपारचा मेसेज होता: "भाव चढला, आता 23. सकाळचं विसरा." हा तसाच पाठवू नका. मुदत लिहून दिली आहे, तोवर ज्यांना भाव दिला त्यांचा तोच राहतो. नव्या खरेदीदारांना फक्त दुसऱ्या चाळीतला माल द्या, नाहीतर त्याच गोण्या दोघांना विकल्या जातील. त्यांच्यासाठी:

"उन्हाळ कांदा, दुसरा लॉट, 200 गोण्या, 100 क्विंटल. भाव 2,300 रुपये क्विंटल, गाडीत भरून. आकार, वजन व तक्रारीच्या अटी पहिल्या लॉटप्रमाणे, सोबत जोडल्या आहेत. आगाऊ 57,500 रुपये, बाकी 1,72,500 रुपये माल पोचल्यावर 3 दिवसांत. मुदत 13 ऑगस्ट दुपारी 12, भरणी 14 ऑगस्टला सकाळी. चाळीतल्या फोडलेल्या गोण्यांचे आजचे फोटो सोबत."