विषय: ओळख करून देतोय – अनघाताई आणि निखिल (मुलांच्या वाचनासाठी फाँट)

नमस्कार अनघाताई, निखिल,

दोघांनाही आधी विचारलं होतं, म्हणून ही मेल एकत्रच पाठवतोय.

निखिल, अनघाताई डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचायला शिकवतात. सध्या त्या सरावपुस्तिका तयार करताहेत आणि गाडी अडलीय ती अक्षरांपाशी. मुलं घ-ध, भ-म यांत गोंधळतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर, तिथेही अडखळतात. हे त्यांच्याकडूनच ऐक, उदाहरणांची वहीच आहे त्यांच्याकडे.

अनघाताई, निखिल देवनागरी फाँट बनवतो. नवा फाँट लहान मुलांसाठीच आहे, पण अजून एकाही मुलाने तो वाचून पाहिलेला नाही, आणि हीच त्याची खरी अडचण आहे. ‘ध’ची गाठ ठळक दिसावी म्हणून त्याने घेतलेली मेहनत मी जवळून पाहिलीय. तुम्हाला ती आवडेल.

सुरुवातीला अर्धा तास फोनवर बोललात तरी पुरे. निखिल, ताई गुरुवारी दुपारी मोकळ्या असतात. वेळ तूच सुचव आणि नमुन्याची दोन पानं आधी पाठव. पुढच्या मेलमधून मला वगळलंत तरी चालेल.

आपला,
मंदार